दहा कंपन्या, दहा महिने: आमच्या छोट्या ऑटोमेशन फर्मने केलेलं अकाउंट-बेस्ड आउटरीच

आमची सात जणांची फर्म आहे. जुन्या कंट्रोल सिस्टिम बदलणं हे आमचं मुख्य काम: कारखान्यातला वीस वर्षांचा पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक, काढायचा, नवा बसवायचा, प्रोग्राम नव्यावर आणायचा, पॅनेल आणि स्काडा, म्हणजे लाइनवर नजर ठेवायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर, त्याच्याशी जुळवायचे. आजवर काम तोंडोतोंडी ओळखीतून मिळत गेलं. गेल्या डिसेंबरात हातातली दोन कामं एकाच महिन्यात संपली, पुढचं काहीच नव्हतं, तेव्हा आम्ही ठरवलं की दहाच कंपन्या निवडायच्या, त्यांचा नीट अभ्यास करायचा आणि वर्षभर फक्त त्यांच्याच मागे लागायचं. जानेवारीच्या ६ तारखेला सुरुवात केली. आज नोव्हेंबरचा मध्य आहे. या दहा महिन्यांत काय झालं ते क्रमाने लिहिते. मी सुरुवात केली तेव्हा विक्रीबद्दल वाचायला भरपूर मिळालं, पण शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना काही दिवस पूर्ण थांबण्याच्या, तारखेवर अवलंबून असलेला माल कसा विकायचा हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

जानेवारीचे पहिले तीन आठवडे यादीत गेले. आधी ४३ नावं जमली. त्यातून दहा काढताना चार गोष्टी पाहिल्या. कारखाना आमच्यापासून तीन तासांच्या आत हवा, कारण रात्री दोन वाजता लाइन बंद पडली तर आम्हाला पोहोचता आलं पाहिजे. काम आमच्या वर्षाच्या उलाढालीच्या एक तृतीयांशाहून मोठं नको. त्याहून मोठं काम मिळालं तर हार्डवेअरचे पैसे आधी भरतानाच आमची दमछाक झाली असती. तिथे जुना कंट्रोलर आहे याचा काहीतरी पुरावा हवा. आणि वर्षातून कधीतरी कारखाना काही दिवस पूर्ण थांबतो, हे माहीत हवं. या चौथ्या गोष्टीला मी तेव्हा सर्वांत कमी महत्त्व दिलं. ती चूक पुढे महागात पडली.

पुरावा कुठे मिळतो हे सांगते. नोकरीच्या जाहिराती हा सर्वांत चांगला स्रोत निघाला. मेंटेनन्स इंजिनिअरच्या जाहिरातीत ‘स्टेप ७ क्लासिकचा अनुभव आवश्यक’ असं लिहिलं असेल, तर ते सीमेन्सच्या जुन्या पीएलसींचं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर असल्यामुळे तिथे एस७-३०० किंवा एस७-४०० मालिकेचे पीएलसी चालू आहेत असं धरायला हरकत नाही. कंपनीने स्वतःच टाकलेल्या कारखान्याच्या व्हिडिओत कधीकधी उघडं पॅनेल दिसतं आणि मॉड्यूलच्या आकारावरून पीएलसीची मालिका ओळखता येते. एका कंपनीने सुट्या भागांसाठी काढलेल्या निविदेत पीएलसी-५ ची कार्डं होती. रॉकवेलने ती मालिका २०१७ मध्येच बंद केली आहे, त्यामुळे तिथली गरज आपोआप कळली. एक पथ्य आम्ही पाळलं: कंपनी सोडून गेलेल्या माणसांना आतली माहिती विचारायची नाही. ज्या माणसाला आपण लिहिणार, त्याने ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ असं विचारलं तर खरं उत्तर देता आलं पाहिजे.

यादीसाठी एकूण ४६ तास लागले. प्रत्येक कंपनीसाठी एक पान केलं: काय बनवतात, कुठला कंट्रोलर असावा, तसं का वाटतं, कुणाशी बोलायचं. माणसांची माहिती मुद्दाम कमी ठेवली, फक्त नाव, हुद्दा आणि कंपनीचा ईमेल. ‘पुन्हा संपर्क करू नका’ असं कुणी म्हटलं तर त्याच दिवशी ती नोंद काढून टाकायची, असंही ठरवलं होतं.

पहिली पत्रं ३ फेब्रुवारीला गेली. दहाही कंपन्यांना एकदम न पाठवता फक्त तिघांना पाठवली. हा निर्णय आमच्या सीनियर प्रोग्रामरचा होता आणि त्याने आम्हाला वाचवलं, कारण पत्र वाईट होतं. पहिले दोन परिच्छेद आमच्याबद्दल, सोबत बारा पानांचं माहितीपत्रक, आणि शेवटी एक इशारा: एस७-३०० बंद झाला आहे, लवकरच सुटे भाग मिळणार नाहीत.

पाचव्या दिवशी यादीतल्या कंपनी दोनमधल्या इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरचं उत्तर आलं. तीन ओळींचं. सीमेन्सने एस७-३०० ला ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद होण्याच्या अवस्थेत टाकलं आहे, पण सुटे भाग २०३३ पर्यंत मिळणार आहेत, आणि त्यांच्याकडे तो कागद आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांचं बरोबर होतं. आम्हाला ती तारीख माहीत होती. पत्र जोरदार व्हावं म्हणून आम्ही ती गाळली होती. मी माफी मागणारं उत्तर पाठवलं, त्यावर काही आलं नाही, आणि कंपनी दोनचं दार आजही बंद आहे. या गोष्टीची मला अजूनही लाज वाटते. ज्या माणसाचं रोजचं कामच ते यंत्र सांभाळणं आहे, त्याला त्याच यंत्राबद्दल अर्धवट गोष्ट सांगून घाबरवायला निघालो होतो.

बाकी दोघांकडून सोळा दिवसांत काहीच आलं नाही. १९ फेब्रुवारीला आम्ही पत्रं थांबवली आणि कंपनी चारचं पान समोर घेऊन बसलो. रंग बनवणारा कारखाना, बॅच मिक्सिंगची लाइन. जाहिरातीवरून आणि व्हिडिओवरून तिथे एस७-३०० आणि त्याला प्रोफिबसच्या केबलने जोडलेली ईटी २००एम स्टेशनं, म्हणजे सेन्सर आणि व्हॉल्व्हच्या तारा जिथे येतात ती मॉड्यूलं, असावीत असा अंदाज होता. प्रश्न असा होता की भाग २०३३ पर्यंत मिळणार असतील तर या माणसाची खरी अडचण कुठली? आमच्या प्रोग्रामरने शांतपणे उत्तर दिलं. भाग मिळणं वेगळं आणि रात्री लाइन पुन्हा सुरू होणं वेगळं. या मालिकेच्या अलीकडच्या सीपीयूमध्ये, म्हणजे पीएलसीच्या मुख्य मॉड्यूलमध्ये, प्रोग्राम मायक्रो मेमरी कार्डावर असतो. कार्ड नसेल तर सीपीयू चालत नाही. बाजारातलं साधं कार्ड चालत नाही, आणि सीमेन्सचं कार्ड साध्या रीडरमध्ये टाकून फॉरमॅट केलं तर ते निकामी होतं. शिवाय चालू सीपीयूमधून प्रोग्राम वर काढला तर त्यात सहसा सिम्बॉल आणि कॉमेंट नसतात. मूळ प्रोजेक्ट हरवलं असेल तर हातात नुसते पत्ते येतात, कुठला व्हॉल्व्ह कुठला तेही कळत नाही.

नवं पत्र यातूनच तयार झालं. २४ फेब्रुवारीला ते कंपनी चारच्या इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरना गेलं. पूर्ण मजकूर एवढाच होता:

‘नमस्कार. आपल्या भरतीच्या जाहिरातीत स्टेप ७ क्लासिकचा उल्लेख वाचला, त्यावरून मिक्सिंग लाइनवर एस७-३०० असावा असा अंदाज आहे. चुकत असेन तर कळवावं. या मालिकेचे सुटे भाग २०३३ पर्यंत मिळतील, त्यामुळे घाई नाही. पण तीन गोष्टी तपासलेल्या असाव्यात असं अनुभवावरून वाटतं: राखीव सीपीयूसोबत कार्ड आहे का, चालू प्रोग्राम आणि संगणकावरचं प्रोजेक्ट सारखं आहे का, आणि कॉमेंटसकट प्रोजेक्टची प्रत कुणाकडे आहे. तपासण्याची पद्धत एका पानावर सोबत जोडली आहे. ती वापरायला आमची गरज नाही.’

तीन दिवसांनी मी फोन केला. ते म्हणाले, ‘मॅडम, वाचलं. सीपीयू आहे कपाटात. कार्ड बघायला सांगितलंय.’ ४ मार्चला त्यांचा ईमेल आला: कार्ड नाही. राखीव सीपीयू सहा वर्षं कपाटात होता आणि इतकी वर्षं त्याच्या भरवशावर सगळे निश्चिंत होते. १२ मार्चला चाळीस मिनिटांची भेट मिळाली.

त्या भेटीत कळलं की अडचण सांगणारा, अडचण पटणारा आणि सही करणारा ही तीन वेगळी माणसं असतात. इंजिनिअर म्हणाले, ‘हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे. वर मांडायला कागद नाही माझ्याकडे.’ मेंटेनन्स मॅनेजरना बंद तासांचा हिशेब हवा होता. प्रॉडक्शनच्या साहेबांनी फक्त एकच विचारलं, ‘किती दिवस लाइन थांबवणार?’ मोठा खर्च तीन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे जातो, आणि समितीत यांच्यापैकी कुणीच नसतं. म्हणून आम्ही आधी दोन दिवसांच्या सशुल्क तपासणीचा प्रस्ताव दिला. रक्कम प्लँट हेडच्या स्वतःच्या मंजुरीच्या मर्यादेत बसेल इतकी लहान ठेवली. ती मर्यादा किती हे मी सरळ विचारलं, आणि त्यांनी सरळ सांगितलं. विचारायला संकोच करू नका. त्यांनाही त्याने मदतच होते. फुकट तपासणी मात्र आम्ही मुद्दाम टाळली. फुकट आलेला अहवाल समितीपुढे विक्रेत्याची जाहिरात ठरतो. पैसे मोजून मागवलेला अहवाल त्यांचा स्वतःचा होतो.

सगळे राजी होते. आणि मग पुरवठादार नोंदणी सुरू झाली.

हा भाग सविस्तर सांगते, कारण आमचा शटडाऊन यानेच हुकला. नोंदणीशिवाय लहानातली लहान परचेस ऑर्डरही निघत नाही. १७ मार्चला मी फॉर्म मागवला आणि भरून पाठवला: कंपनीची आणि कराची नोंदणी, तीन वर्षांचे ताळेबंद, बँकेचं पत्र, विम्याचे कागद, सुरक्षा धोरण, गेल्या तीन वर्षांतले अपघात, साइटवर येणाऱ्या प्रत्येकाचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, दोन ग्राहकांचे संदर्भ. अकरा दिवस काहीच हललं नाही. शेवटी खरेदी विभागात फोन केल्यावर समजलं की नोंदणीची विनंती आतून, वापरणाऱ्या विभागाकडून यावी लागते. आमचा फॉर्म कुणाच्याही नावावर नव्हता, म्हणून तो पडून होता. २८ मार्चला इंजिनिअरनी आतून विनंती टाकली. ९ एप्रिलला फॉर्म परत आला, कारण बँकेच्या पत्रात आमच्या फर्मचं नाव संक्षिप्त होतं आणि कराच्या कागदात पूर्ण. नवं पत्र आणायला पाच दिवस. पुढची अडचण आयएसओ ९००१ ची. ते प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. आम्ही तसं स्पष्ट लिहिलं आणि त्याऐवजी फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्टची, म्हणजे माल पाठवण्याआधी आमच्याकडे होणाऱ्या चाचणीची लेखी पद्धत आणि एका जुन्या कामाचा भरलेला चाचणी अहवाल जोडला. त्यावर आम्हाला ठरावीक रकमेपर्यंतच्या कामासाठी सशर्त मान्यता मिळाली, तारीख ६ मे. एकूण पन्नास दिवस.

त्यातले अकरा दिवस एका प्रश्नाने वाचले असते: ‘नोंदणीची विनंती कोण टाकतं?’ आता पहिल्या भेटीतच मी हे विचारते. बँकेचं पत्र पूर्ण नावाने, ताळेबंद आणि बाकी कागद एका फोल्डरमध्ये तयार असतात.

तपासणीची ऑर्डर १४ मे रोजी आली. २० मे रोजी सकाळी साइटचं सुरक्षा प्रशिक्षण झालं. त्यात अर्धा दिवस जातो, तो हिशेबात धरून ठेवा. मग वर्क परमिट, आणि दुपारी आम्ही पॅनेलसमोर उभे राहिलो. अंदाज बरोबर निघाला होता: एक सीपीयू ३१५-२ डीपी आणि पाच ईटी २००एम स्टेशनं, ४१२ इनपुट-आउटपुट, त्यातले साठच्या आसपास आता वापरात नसलेले. चालू प्रोग्राम आणि संगणकावरचं प्रोजेक्ट यांची तुलना केली तेव्हा चार ब्लॉक वेगळे निघाले. म्हणजे कधीतरी कुणीतरी थेट सीपीयूमध्ये बदल केला होता आणि प्रत जपली नव्हती. जुनी प्रत नव्या कार्डावर घालून राखीव सीपीयू बसवला असता तर लाइन सुरू झाली असती, पण तीन वर्षांपूर्वीच्या डोसिंगच्या नियमांनी. स्काडाचा संगणक विंडोज ७ वर होता, ज्याचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच थांबवला आहे.

३० मे रोजी दिलेला अहवाल नऊ पानांचा होता, पण समितीपुढे त्यातलं एकच पान गेलं. त्या पानावर सीपीयू बिघडला तर लाइन किती वेळात पुन्हा चालेल याचे तीन प्रसंग मांडले होते. तपासलेल्या कार्डासह राखीव सीपीयू असेल तर साधारण तीन तास. सीपीयू आहे पण कार्ड मागवायचं आणि प्रोग्राम जुळवायचा असेल तर चार ते सहा दिवस. तेव्हाची त्यांची स्थिती हीच होती. आणि प्रोजेक्ट हरवलं असेल तर तीन आठवड्यांहून जास्त. एका बंद दिवसाचा तोटा किती, ती जागा आम्ही मोकळी ठेवली आणि मेंटेनन्स मॅनेजरना भरायला सांगितली. तो आकडा आमच्याकडून गेला असता तर कुणी मानला नसता.

९ जूनला मुख्य कामाचा प्रस्ताव दिला. त्यात ईटी २००एम आणि सगळी वायरिंग जागेवर ठेवून फक्त सीपीयू बदलायचा होता, नवा एस७-१५०० कुटुंबातला, ज्याला प्रोफिबसचं पोर्ट आहे. ४१२ तारा सोडून पुन्हा बांधण्यात जे दिवस जातात ते वाचतात, आणि नवं काही बिनसलं तर केबल परत जुन्या सीपीयूला लावून लाइन पूर्ववत करता येते. तोट्याची बाजूही लिहिली: ईटी २००एम याच जुन्या मालिकेतलं आहे, म्हणजे २०३३ च्या आधी ते बदलावंच लागेल. हे वाक्य लिहावं की नाही यावर आमच्यात वाद झाला होता. कंपनी दोनचा अनुभव आठवून ते ठेवलं.

समिती जुलैत बसली, मंजुरी मिळाली, आणि ऑर्डर २९ जुलैला हातात पडली. ऑफिसात सगळ्यांना आनंद झाला. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा कॅलेंडर उलटं मोजलं.

शटडाऊन ११ ऑक्टोबरला सुरू होणार होता, नऊ दिवसांचा. त्याआधी चाचणीला दोन आठवडे हवेत. त्याआधी पॅनेल जुळवायला एक आठवडा. त्याआधी हार्डवेअर यायला हवं, आणि पुरवठादाराने काही मॉड्यूलसाठी बारा आठवडे सांगितले होते. एकूण पंधरा आठवडे, म्हणजे ऑर्डर २८ जूनपर्यंत मिळायला हवी होती. एक महिना उशीर झाला होता. चाचणीचे दिवस कापून कसंबसं बसवता येईल का, यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. मग ठरवलं की नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः इंजिनिअरना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आत्ता सांगितलंत ते बरं झालं. सप्टेंबरमध्ये सांगितलं असतंत तर माझी अडचण झाली असती.’

काम दोन भागांत विभागलं. ऑक्टोबरमध्ये स्काडाचा संगणक बदलायचा, संपूर्ण बॅकअप आणि कार्ड तयार करायचं, आणि पुरवठादाराकडे शिल्लक असलेला एक नवा सीपीयू आणून दोन दिवस खऱ्या इनपुट-आउटपुटवर चालवून पाहायचा, मग जुना परत लावायचा. खरा बदल पुढच्या एप्रिलमधल्या चार दिवसांच्या थांब्यात. वायरिंगला हात लावायचा नसल्यामुळेच चार दिवस पुरतात.

ही तडजोड किती उपयोगी होती ते १३ ऑक्टोबरला कळलं. नव्या सीपीयूवर रंगद्रव्याच्या डोसिंगचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडत होता. जुन्या प्रोग्राममध्ये व्हॉल्व्ह हळूहळू उघडण्यासाठी दर स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या दर फेरीला, एक ठरावीक आकडा वाढवला जात होता. जुन्या सीपीयूचा स्कॅन सुमारे २८ मिलिसेकंदांचा होता, नव्याचा ४. व्हॉल्व्ह सातपट वेगाने उघडत होता. टेबलावरच्या चाचणीत हे दिसलं नसतं, कारण तिथे व्हॉल्व्ह नसतो, नुसता आकडा असतो. तो भाग ठरावीक वेळेने चालणाऱ्या ब्लॉकमध्ये हलवला आणि चौदा तारखेला सगळं नीट चाललं. चाचणीचे दिवस कापून ऑक्टोबरमध्येच पूर्ण बदल केला असता, तर हे कदाचित पहिल्या उत्पादनाच्या बॅचमध्ये समजलं असतं.

उलट्या मोजणीचा फायदा कंपनी सातला झाला. नोंदणी अडकली तेव्हाच, एप्रिलच्या सुरुवातीला, मला शंका आली होती की वेळ तिथेच जाणार आहे. म्हणून कंपनी सातला पत्र पाठवण्याआधी त्यांच्या शटडाऊनची तारीख शोधली: २० डिसेंबर. तिथून पंधरा आठवडे मागे ६ सप्टेंबर, समितीसाठी सात, तपासणीसाठी तीन, नोंदणीसाठी सात, पहिल्या ओळखीसाठी तीन. पत्र १४ एप्रिलला गेलं, आणि पहिल्या भेटीत मी यंत्राआधी तीन तारखा विचारल्या: समिती कधी बसते, नोंदणीची विनंती कोण टाकतं, शटडाऊन नक्की आहे का. त्यांनी मोकळेपणाने उत्तरं दिली. अशी विचारपूस विक्रीची वाटत नाही, काम करायला आलेल्या माणसाची वाटते, असं त्यांच्या मॅनेजरनी नंतर सांगितलं. ऑर्डर २ सप्टेंबरला मिळाली, चार दिवस हातात ठेवून. चाचणी १ डिसेंबरला सुरू होईल.

बाकी आठांचं थोडक्यात. दोनचं वर सांगितलं. तीन आणि नऊ यांनी शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. चार प्रयत्नांनंतर आम्ही थांबलो. एक नंबरच्या कंपनीचा आमच्यासारख्याच दुसऱ्या फर्मशी दोन वर्षांचा करार होता, ही गोष्ट आम्हाला निवड करतानाच कळायला हवी होती. पाचमध्ये कंट्रोलर कुठला घ्यायचा हे मुख्यालय ठरवतं, आणि तो आम्ही हाताळत नाही. आठने नम्रपणे नको म्हटलं, नोंद काढली. सहामध्ये, जिथे पीएलसी-५ आहे, तिथे दोन भेटी झाल्या आहेत, पण शटडाऊन दोन वर्षांतून एकदा असतो. दहाची तपासणी जानेवारीत आहे.

सगळ्याला मिळून सुमारे ३८० तास लागले, बहुतेक माझे आणि प्रोग्रामरचे. आठवड्याला साधारण नऊ तास. तपासणीच्या दोन ऑर्डरींनी त्यातला थोडाच भाग भरून निघाला. उरलेला मुख्य कामांतून निघेल, पण पैसे बिल दिल्यावर नव्वद दिवसांनी आणि दहा टक्के वर्षभर राखून, या अटींवर. हार्डवेअरचे पैसे मात्र आधी जातात. म्हणून कंपनी सातशी बोलताना हार्डवेअर साइटवर पोहोचताच चाळीस टक्के मागितले, आणि ते मान्य झाले. कंपनी चारशी बोलताना हे सुचलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात एप्रिलच्या तयारीसाठी कंपनी चारमध्ये गेले होते. काम झाल्यावर इंजिनिअरनी स्टोअरमधलं कपाट उघडून दाखवलं. राखीव सीपीयूच्या शेजारी आता कार्ड आहे, छोट्या डबीत, वर मार्करने तारीख लिहिलेली: १४ ऑक्टोबर, तपासलं.